स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स भाड्याने देणे: डिपॉझिट आणि झिजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पडून असलेली बॉडी आणि एक-दोन चांगल्या लेन्स भाड्याने द्याव्यात, असं ठरवणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. भाडं किती घ्यावं यावर वाद फारसे होत नाहीत. ते होतात वस्तू परत आल्यावर, "हा ओरखडा आधीपासून होता का?" या एका प्रश्नावर. म्हणून इथे भर नोंदींवर आहे. किमती जागोजागी वेगळ्या असल्याने सगळे हिशेब प्रमाणात मांडले आहेत: नवी बॉडी १०० एकक, लेन्स ८० एकक. तुमच्याकडचे आकडे त्या जागी घाला.

डिपॉझिट किती ठेवावं? वस्तूच्या पूर्ण किमतीइतकं?

पूर्ण किमतीइतकं मागितलं तर चांगली माणसं परत फिरतात, कारण तेवढी रक्कम अडकवून ठेवणं त्यांनाही परवडत नाही. वरवरची ५ टक्के रक्कम घेतली तर एक स्क्रीन फुटली तरी ती पुरत नाही. डिपॉझिट ठरवताना एकच प्रश्न विचारावा: दुरुस्त होण्याजोगं सर्वात मोठं, पण खरोखर घडू शकणारं नुकसान किती?

वर धरलेल्या संचाचं उदाहरण घेऊ. लेन्स पडून माउंट वाकला आणि आतली काच सरकली, तर दुरुस्ती साधारण २० एकक. बॉडीची मागची स्क्रीन फुटली तर १५. चार्जर, बॅटरी, झाकणं, पट्टा असं काहीबाही हरवलं तर ५. हे तिन्ही एकाच वेळी घडणं दुर्मीळ आहे, तरी बेरीज ४० येते, आणि १८० एककांच्या संचाला ४० एककांचं डिपॉझिट कॅमेरा भाड्याने घेणाऱ्याला पटतं. ही बेरीज त्याला दाखवायलाही हरकत नाही. आकडा कुठून आला हे कळलं की घासाघीस कमी होते.

मग कॅमेरा चोरीला गेला किंवा माणूस परतच आला नाही तर?

तो धोका डिपॉझिटच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याची तजवीज दोन ठिकाणी करायची: माणसाची खात्री आणि विमा.

खात्रीसाठी ओळखपत्रावरचं नाव, पैसे ज्या खात्यातून आले त्याचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस हे तिन्ही जुळले पाहिजेत. मित्राच्या वतीने न्यायला आलेल्याला वस्तू देऊ नये. मित्रालाच यायला सांगावं. ओळखपत्राची मूळ प्रत अडकवून ठेवू नये. झेरॉक्स किंवा फोटो पुरतो, आणि व्यवहार मिटल्यावर तोही काढून टाकावा.

विम्याच्या बाबतीत पॉलिसीतल्या दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली, वस्तू पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला दिली तरी संरक्षण राहतं का? घरगुती पॉलिसींमध्ये बहुधा राहत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची आहे: मालकाने स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू घेऊन कोणी पसार झाला, तर त्याला चोरी मानलं जातं का? बऱ्याच पॉलिसी ते चोरीत धरत नाहीत. विचारणा लेखी करा आणि उत्तरही लेखी घ्या.

डिपॉझिट रोख घ्यावं, खात्यावर घ्यावं की कार्डावर रक्कम अडवून ठेवावी?

मागं दिसणारी नोंद राहील असा मार्ग निवडा, म्हणजे खात्यावर. रोख घेतलीच तर पावतीवर रक्कम, संचाचे सिरियल नंबर आणि दोघांच्या सह्या हव्यात. कार्डावरची रक्कम अडवून ठेवणं सोयीचं असतं, पण ती अडवणूक काही दिवसांनी आपोआप सुटते. भाडं लांबलं तर वस्तू बाहेर आणि डिपॉझिट मोकळं, अशी वेळ येते. लांबच्या भाड्याला तो मार्ग नको.

भाडं आणि डिपॉझिट एकाच रकमेत मिसळू नका. दोन वेगळे व्यवहार केले की परत किती द्यायचे यावर गोंधळ होत नाही.

देताना नेमकी काय नोंद करायची?

यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा आणि काम घेणाऱ्याच्या समोर करा.

आधी बाहेरून फोटो. बॉडीच्या सहा बाजू, लेन्सचा पुढचा आणि मागचा भाग, फिल्टरची कडा, माउंटची धातूची कडी, वरचा हॉट शू, सगळे पोर्ट आणि त्यांची रबरी झाकणं. फोटो खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला की बारीक ओरखडे दिसेनासे होतात, आणि वाद नेमका त्यांच्यावरच होतो. आधीपासून असलेल्या प्रत्येक खुणेजवळ कागदाची लहान पट्टी ठेवून जवळून एक फोटो घ्या.

मग सिरियल नंबर. बॉडीचा तळाशी किंवा पलटणाऱ्या स्क्रीनमागे असतो, लेन्सचा नळीवर किंवा माउंटजवळ. लेन्सचा नंबर लिहायला लोक विसरतात. त्याच मॉडेलची, पण जास्त झिजलेली लेन्स परत आली तर नंबराशिवाय ते ओळखण्याचा मार्ग उरत नाही. बॅटऱ्यांवर नंबर टाका. चांगली बॅटरी नेऊन त्याच आकाराची फुगलेली परत येण्याचा प्रकार नंबर नसला की सहज खपून जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत बॅटरीचं आयुष्य दिसतं. निकॉनमध्ये ते ० ते ४ असं असतं, ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे बदलायला झालेली. हा आकडाही लिहून ठेवा.

शेवटी त्याच कॅमेऱ्याने तीन फोटो काढायचे: एक साधा, एक सेन्सर तपासण्यासाठी, एक लेन्स तपासण्यासाठी. पुढच्या चार उत्तरांत हेच येतं. तिन्ही फोटो दोघांच्याही फोनवर गेले पाहिजेत. नोंद फक्त तुमच्याकडे राहिली तर ती तुमची बाजू ठरते. दोघांकडे असली तर ती दोघांनी मान्य केलेली स्थिती ठरते.

शटर काउंट कसा वाचायचा, आणि त्यावर कितपत विसंबायचं?

शटर काउंट म्हणजे बॉडीने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा. साधा फोटो त्यासाठीच आहे. देताना एक, परत आल्यावर एक. बऱ्याच निकॉन आणि सोनी बॉडी फोटोच्या फाइलमध्येच आकडा लिहितात. फाइलमधली अशी माहिती वाचणारा ExifTool हा प्रोग्राम संगणकावर असेल तर:

```
exiftool -Model -SerialNumber -LensSerialNumber -ShutterCount deni.JPG parat.JPG
```

दोन फाइलींमधला फरक म्हणजे मधल्या काळातली फोटोंची संख्या. बॉडीचा सिरियल नंबर बऱ्याचदा सोबतच येतो, लेन्सचाही काही वेळा येतो. कॅनॉनच्या बहुतेक बॉडी हा आकडा फोटोत लिहीत नाहीत. तिथे ती ओळच दिसणार नाही आणि केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावं लागेल. फाइलच्या नावातल्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका. तो ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतो आणि मेनूतून बदलताही येतो.

हा आकडा सगळं सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंत शटरचा पडदा हलतच नाही, तरी काही बॉडी ते फोटोही मोजतात. काही निकॉन मिररलेस बॉडींत `-MechanicalShutterCount` या नावाने यांत्रिक आकडा वेगळा मिळतो. तो मिळत असेल तर तोच धरा. व्हिडिओ तासन्‌तास चालला तरी आकडा फारसा हलत नाही, मात्र उष्णता आणि बॅटरीची झीज होतेच. व्हिडिओसाठी देत असाल तर भाडं दिवसांवर ठेवा, फोटोंच्या संख्येवर नको.

शटरची झीज भाड्यात कशी धरायची?

बॉडी नवी १०० एककांना घेतली आणि तीन वर्षांनी ४० ला विकली जाईल असं धरू. ६० एकक जाणार आहेत. त्यातले बरेचसे कॅमेरा कपाटात ठेवला तरी जातात, कारण नवी मॉडेलं येतात. निम्मे काळामुळे आणि निम्मे वापरामुळे जातात असं मानू. वापराचे ३० एकक शटरच्या आयुष्यावर पसरायचे. मधल्या दर्जाच्या बॉडींना उत्पादक साधारण १ ते २ लाख फोटोंचं आयुष्य सांगतात. २ लाख धरले तर दर हजार फोटोंना ०.१५ एकक पडतात.

दोन दिवसांचा समारंभ, ३,००० फोटो: झीज ०.४५ एकक. दिवसाला ३ एकक भाडं असेल तर मिळाले ६. म्हणजे नेहमीच्या वापरात झीज भाड्याचा लहानसा हिस्साच असते, आणि ती वेगळी आकारून कटकट वाढवण्यात अर्थ नाही. कोणी टाइमलॅप्स करायला नेला आणि दोन दिवसांत २०,००० फोटो यांत्रिक शटरने काढले, तर झीज ३ एकक होते, म्हणजे निम्मं भाडं. यासाठी करारात एक ओळ घाला: दिवसाला २,००० फोटो भाड्यात धरलेले, त्यापुढच्या दर हजारी अमुक रक्कम. टाइमलॅप्सवाल्याला इलेक्ट्रॉनिक शटर लावायची आठवण देताना करा. दोघांचंही भलं होतं.

सांगितलेलं आयुष्य ही हमी नसते. त्याच्या आधी बंद पडलेलं शटर ही घेणाऱ्याची चूक नाही आणि डिपॉझिटमधून वळती करू नये.

सेन्सरवर डाग दिसतात. धूळ आहे की नुकसान, कसं ओळखायचं?

एफ/१६, आयएसओ १००, फोकस अनंतावर, समोर पांढरा कागद किंवा एकसारखं आकाश. कागद असेल तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवा आणि फोटो निघताना कॅमेरा किंचित हलवा. कागदाचा पोत पुसला जातो, सेन्सरवरचं जे काही आहे ते जागच्या जागी राहतं.

धूळ मऊ कडेच्या करड्या ठिपक्यासारखी दिसते. आता लेन्स एफ/२.८ ला उघडून तोच फोटो घ्या, उजेड जास्त होऊ नये म्हणून शटर जलद करा. धूळ फिकट होते किंवा दिसेनाशी होते, कारण ती सेन्सरच्या वरच्या काचेवर बसलेली असते आणि मोठ्या छिद्रातून येणारा प्रकाश तिच्या बाजूने पोहोचतो. धूळ ही नेहमीची झीज. लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यात ती येणारच, साफसफाईचा खर्च भाड्यात धरा.

जे डाग किंवा रेषा दोन्ही फोटोंत सारख्याच धारदार राहतात, ते खुद्द सेन्सरवर आहेत. एक-दोन चमकते ठिपके गरम पिक्सेल असतात. ते वयामुळे येतात, आणि काही कॅमेऱ्यांत मेनूतून दुरुस्त होतात. पण आडवी-उभी रंगीत रेष किंवा दाट ठिपक्यांचा पुंजका दिसला तर लेझरचा संशय घ्या. रंगमंचावरच्या शोमधला लेझर क्षणभर थेट लेन्समध्ये शिरला तरी सेन्सर जळतो. अशी रेष साफ करून जात नाही. सेन्सर बदलावा लागतो आणि त्याचा खर्च डिपॉझिटपेक्षा मोठा असू शकतो. म्हणून "लेझर असलेल्या कार्यक्रमात वापरायचा नाही" हे करारात स्पष्ट लिहावं आणि देताना तोंडीही सांगावं. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

लेन्स पडली होती, पण बाहेरून काही दिसत नाही. कळेल का?

बहुतेक वेळा कळतं. छापील मजकूर असलेली सपाट भिंत किंवा ताणून लावलेलं वर्तमानपत्र घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, छिद्र पूर्ण उघडं. फोटोचे चारही कोपरे मोठे करून पाहा. देताना चारही सारखे होते आणि आता उजवी बाजू धूसर आहे, तर आतली काच सरकलेली असू शकते.

इथे घाईने आरोप करू नका, कारण कॅमेरा जरा तिरका असला तरी एक बाजू धूसर येते. कॅमेरा उलटा करून, म्हणजे १८० अंशांत फिरवून, तोच फोटो पुन्हा घ्या. फोटो कॅमेऱ्याने आपोआप फिरवू नये म्हणून ते सेटिंग बंद ठेवा. धूसरपणा चौकटीच्या त्याच बाजूला राहिला तर दोष लेन्सचा किंवा माउंटचा. चौकटीत बाजू बदलून भिंतीच्या त्याच भागावर राहिला, तर कॅमेरा तिरका होता. दोष ठरलाच तर त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावून पाहा. तिच्यातही तसंच दिसलं तर बॉडीचा माउंट वाकलाय.

हाताला कळणाऱ्या खुणाही आहेत. झूमची कडी आधी लोण्यासारखी फिरत होती आणि आता कचकच आवाज येतो, तर वाळू गेली आहे. तशी कडी पुन्हा पुन्हा फिरवू नका, वाळू आत सरकते. थेट दुरुस्तीला द्या.

परत आलेल्या लेन्समध्ये फंगस दिसला. पैसे कापायचे का?

नाही. मागच्या बाजूने तिरका टॉर्च मारल्यावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दोन दिवसांत वाढत नाहीत, त्याला आठवडे लागतात. तुमच्या साठवणीचा तो दोष आहे. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा, डब्यात सिलिका जेलबरोबर छोटा आर्द्रतामापक असू द्या आणि जेलचा रंग बदलला की ते सुकवा. फंगस असलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी काढा. तशीच भाड्याने तर मुळीच देऊ नका.

नुकसान खरोखर झालं, तर किती कापायचं? एखादं उदाहरण?

लेन्स परत आली. संरक्षक फिल्टर फुटलेला, त्याची कडी लेन्सच्या आट्यांत अडकलेली, आटे एका जागी दबलेले. पुढची काच शाबूत आहे. देतानाच्या फोटोत कडा सरळ दिसते, त्यामुळे नुकसान या भाड्यात झालं यावर वाद नाही.

पहिली गोष्ट, कडी घरी पक्कडीने ओढू नका. काच ओरखडली तर तो खर्च तुमच्या माथी येतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अंदाज घ्या आणि त्याच दिवशी फोटोसह घेणाऱ्याला पाठवा. समजा आटे सरळ करायला ५ एकक लागले. फिल्टर नवा २ एककांना मिळतो, पण तुमचा तीन वर्षं वापरलेला होता. जुन्याच्या बदल्यात नव्याची किंमत मागणं न्याय्य नाही, म्हणून १ धरा. एकूण ६. डिपॉझिट ४० होतं, ३४ परत. हे ३४ लगेच द्या, दुरुस्ती संपेपर्यंत सगळे ४० अडकवू नका. बिल ५ ऐवजी ४ आलं तर तो १ एककही परत करा आणि बिलाचा फोटो पाठवा.

दुरुस्तीच्या काळात बुडालेलं भाडं मागता येतं का? करारात आधी लिहिलं असेल आणि त्याला मर्यादा असेल तरच, उदाहरणार्थ जास्तीत जास्त तीन दिवसांचं भाडं. नुकसान झाल्यावर काढलेला नवा नियम कोणी मानत नाही, आणि मानू नये.

झीज आणि नुकसान यांची सीमा नेमकी कुठे?

काळजीपूर्वक वापरूनही जे होतंच ती झीज: पकडीच्या रबराचा गुळगुळीतपणा, तळाशी ट्रायपॉड प्लेटच्या खुणा, हॉट शूचा उडालेला रंग, सेन्सरवरची धूळ, पट्ट्याचं विटणं. एकाच घटनेमुळे जे होतं ते नुकसान: चीर, पोचा, पाणी, वाळू, काचेवरचा खोल ओरखडा, वाकलेली पिन. ही दोन वाक्यं उदाहरणांसह करारात घाला. पुढच्या काचेवरची केसासारखी बारीक रेघ फोटोत दिसत नाही, तरी लेन्स विकताना किंमत पाडते. तिला नुकसानच धरा, पण कापताना विक्रीमूल्यातली घट धरा, नव्या काचेची किंमत नको.

परत आल्यावर डिपॉझिट कधी सोडायचं?

दिसण्यासारखं सगळं घेणाऱ्यासमोर तपासा: नंबर, सामानाची यादी, काचा, स्क्रीन, पोर्ट, तीन फोटो. उरलेल्या तपासणीला ४८ तास ठेवा आणि ते आधी सांगून ठेवा. पाण्याची खूण काही वेळा लगेच दिसत नाही. बॅटरीच्या कप्प्यातला हिरवट गंज किंवा स्क्रीनखालची वाफ नंतर उमटते. थंड खोलीतून दमट हवेत आलेल्या कॅमेऱ्यावरही वाफ धरते. ती काही तासांत पूर्ण सुकली तर पाणी आत शिरलं असं म्हणू नका.

याच ४८ तासांसाठी दोन भाड्यांमध्ये दोन दिवस मोकळे ठेवायला हवेत. सकाळी परत आणि दुपारी पुढच्याला, असं केलं की नुकसान कोणाच्या हातून झालं हे कधीच ठरत नाही.

मेमरी कार्ड सोबत द्यावं का?

शक्यतो नको. ते स्वस्त असतं, हरवतं, आणि बिघडलं तर घेणाऱ्याचे गेलेले फोटो कोणत्याही रकमेत भरून निघत नाहीत. दिलंच तर परत आल्यावर लगेच फॉरमॅट करू नका. आठवडाभर बाजूला ठेवा, त्याच्या फोटोंची प्रत काढलीय का विचारा, मग पुसा. आत काय आहे ते बघू नका. बॉडीची सेटिंग मूळ स्थितीत आणा आणि त्याने टाकलेला वायफायचा पासवर्डही काढून टाका.